खरेदीदाराच्या हातून विक्रेत्याचा कर

साठेखताच्या दिवशी निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून धनादेशावरील आकडे चष्म्याआडून पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे प्रकरण मी येथे दाखल्यासाठी घेणार आहे. कारण त्यांच्या मनात त्या वेळी जो प्रश्न उभा राहिला, तोच थोड्याफार फरकाने घर विकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्याला मिळेपर्यंत बहुधा एक विवरणपत्र चुकीचे भरून झालेले असते. बाईंनी २०१४-१५ या वर्षी सर्व खर्च धरून ४० लाख रुपयांना घेतलेली पुण्यातील सदनिका ७२ लाखांना विकण्याचा करार १८ मार्च २०२४ रोजी झाला. इसाऱ्यापोटी १२ लाख ठरले होते, आणि हातात आलेला धनादेश मात्र ११ लाख ८८ हजारांचा होता. ‘‘हे बारा हजार कुठं गेले?’’ असे त्यांनी विचारले, तेव्हा खरेदीदार तरुणाने अदबीने सांगितले, ‘‘बाई, ते तुमच्याच नावानं सरकारात भरायचे आहेत.’’ उत्तर अक्षरशः खरे होते. परंतु सरकारात भरलेली ती रक्कम परत आपल्या हिशेबात कशी आणावयाची, हे त्या तरुणाला सांगता येत नव्हते, आणि ते सांगणे हे त्याचे कामही नव्हते.

स्थावर मालमत्तेच्या मोबदल्यातून खरेदीदाराने कर कापून घ्यावा, ही कल्पना प्रथम २०१२ च्या वित्त विधेयकात आली होती. कर भरल्याचा पुरावा दाखविल्याशिवाय दस्त नोंदवूच नये, अशी तीत तजवीज होती. पण तिचा बोजा फार होईल असे दिसून ती मागे घेण्यात आली. पुढच्याच वर्षी ती सौम्य स्वरूपात परतली आणि आयकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम १९४-आयए म्हणून १ जून २०१३ पासून अंमलात आली. ग्रामीण भागातील शेतजमीन सोडून कोणत्याही जमिनीचा, घराचा किंवा गाळ्याचा मोबदला ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर निवासी विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने त्यातून शेकडा १ या दराने कर कापावा, असे हे कलम सांगते. करोनाच्या काळात काही महिने हा दर पाऊण टक्का झाला होता. तेवढा अपवाद सोडला तर दर बदललेला नाही. बदलत गेला तो आधार. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार ठेवण्याची जागा, क्लबची वर्गणी, देखभालखर्च, वीज आणि पाणी यांपोटी मालमत्तेच्या व्यवहारातच दिलेल्या रकमा मोबदल्यात धरल्या जाऊ लागल्या. १ एप्रिल २०२२ पासून मोबदला आणि मुद्रांकशुल्कासाठीचे मूल्य, ज्याला आपल्याकडे रेडी रेकनरचा दर म्हणून ओळखतात, या दोहोंपैकी जे अधिक असेल त्याच्यावर कर कापण्याचा दंडक आला. बाईंच्या सदनिकेचे रेडी रेकनरप्रमाणे मूल्य ७२ लाखांहून कमीच होते. म्हणून त्यांच्या बाबतीत करारातील आकडाच चालला.

खरेदीदाराने कराव्या लागणाऱ्या विधीवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही, कारण तो विधी तुलनेने सरळ आहे. त्याला टॅन नावाचा वेगळा क्रमांक काढावा लागत नाही. आपला पॅन आणि विक्रेत्याचा पॅन एवढ्यावर त्याचे काम भागते. ज्या महिन्यात कर कापला त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत त्याने आयकर खात्याच्या संकेतस्थळावर २६क्यूबी हा फॉर्म भरून रक्कम जमा करावयाची. हा फॉर्म चलनही असतो आणि विवरणही. पुढे १५ दिवसांच्या आत, ट्रेसेस या संकेतस्थळावरून १६बी नावाचा दाखला उतरवून तो विक्रेत्याच्या हवाली करावयाचा. मार्चमध्ये कापलेल्या बाईंच्या बारा हजारांचा भरणा ३० एप्रिल २०२४ पर्यंत आणि दाखला १५ मेपर्यंत, असे हे गणित होते. प्रत्येक हप्त्याला वेगळा फॉर्म, आणि खरेदीदार व विक्रेते अनेक असतील तर प्रत्येक जोडीला वेगळा फॉर्म लागतो. पतिपत्नींनी पतिपत्नींकडून घर घेतले तर एका हप्त्याचे चार फॉर्म होतात. ऑक्टोबर २०२४ पासून हेही स्पष्ट झाले आहे, की ५० लाखांची मर्यादा एकेका हिश्शाला न लावता सर्व हिश्शांच्या बेरजेला लावावयाची, म्हणून चौघांत वाटून मर्यादेखाली राहण्याची युक्ती आता चालत नाही.

एका गोष्टीकडे मात्र विक्रेत्याने डोळ्यांत तेल घालून पाहावे. बाईंचे उरलेले ६० लाख ९ ऑगस्ट २०२४ रोजी, खरेदीखताच्या आणि ताबा देण्याच्या दिवशी, मिळावयाचे होते. त्यांपैकी ४५ लाख बँक कर्जाच्या रूपाने थेट बाईंच्या खात्यात जमा करणार होती. बँक कर कापीत नाही. तो कापण्याची जबाबदारी बँकेच्या रकमेपुरतीही खरेदीदाराचीच असते. तेव्हा साठ लाखांवरील ६० हजार त्याला स्वतःच्या पंधरा लाखांतून कापून १४ लाख ४० हजार द्यावे लागतात. पुष्कळ खरेदीदार येथे केवळ आपल्या पंधरा लाखांवरचे १५ हजार कापतात, आणि कमी कपातीबद्दलची नोटीस आली म्हणजे खरेदीखत होऊन गेल्यावर, हात मोकळे झाल्यावर, ‘‘पंचेचाळीस हजार परत द्या’’ म्हणून विक्रेत्याच्या दाराशी येतात. बाईंच्या व्यवहारात वकिलाने हा हिशेब खरेदीखतातच लिहून घेतला, हे शहाणपणाचे झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कापलेली ही रक्कम म्हणजे घर विकल्याबद्दलचा कर नव्हे. कर लागतो तो विक्रीतून झालेल्या नफ्यावर, ज्याला कायद्याच्या भाषेत भांडवली नफा म्हणतात. आणि कपात होते ती संपूर्ण मोबदल्यावर, त्यात नफा किती, तोटा किती, याची कसलीही चौकशी न करता. म्हणजे कपातीचा आकडा आणि अखेरच्या कराचा आकडा यांचा परस्परांशी काही नैसर्गिक संबंध नाही. एक रक्कम विक्रेत्याच्या नावे सरकारी खात्यात ठेवून घेतलेली अनामत आहे, आणि दुसरी वर्षअखेरीस ठरणारे देणे. बाईंनी मला विचारले, की आपल्याला कर लागणारच नसेल तर कपात टाळता येत नाही का. बँकेतल्या ठेवींच्या व्याजावर त्या दरवर्षी १५एच देत असत, तसे येथे काही द्यावे का? या कलमापुरती ती सोय ठेवलेली नाही. कमी दराने कर कापण्याचा दाखला निर्धारण अधिकाऱ्याकडून मागण्याचा जो अधिकार कलम १९७ देते, त्या कलमात ज्यांचा उल्लेख आहे त्या कपातींत १९४-आयए येत नाही. घर तोट्यात विकले तरी एक टक्का कापला जातो, आणि तो परत मिळविण्याचा एकच रस्ता उरतो, तो विवरणपत्राचा.

त्या रस्त्यावर पहिलाच खड्डा बाईंच्या वाटेला आला. त्यांचे बारा हजार मार्च २०२४ मध्ये कापले गेले, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात. घर मात्र विकले गेले ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे २०२४-२५ या वर्षात. जुलै २०२४ मध्ये निवृत्तिवेतनाचे नेहमीचे विवरणपत्र भरावयाचे म्हणून त्यांनी आपले २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या करांचा खात्याकडील उतारा, उघडले, तेव्हा त्यात हे बारा हजार ठळकपणे उभे होते. जमा दिसते आहे, विवरणपत्र समोर आहे, मग मागून घ्यावेत, आणि यंदा दुसरा कर बाकी नसल्यामुळे परतावाही मिळेल, असा विचार कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. परंतु कायद्याचा विचार निराळा आहे. कलम १९९ आणि नियम ३७बीए यांचा आशय असा, की कापलेल्या कराची जमा ज्या उत्पन्नातून तो कापला गेला त्या उत्पन्नाच्या मागून चालते. ते उत्पन्न ज्या वर्षी करपात्र होईल त्याच वर्षी ती जमा मिळते, आधी नाही. २०२३-२४ मध्ये बाईंना इसारा मिळाला होता, नफा झाला नव्हता. घराचे हस्तांतरण व्हावयाचे होते. त्या वर्षी जर त्यांनी बारा हजार मागितले असते, तर उत्पन्न न दाखविता त्याच्यावरील कर मात्र मागितला, या कारणाने विवरणपत्र कलम १३९(९) खाली सदोष ठरविले जाण्याची शक्यता होती. बरे, समजा संगणकाच्या नजरेतून सुटून परतावा मिळालाही असता, तरी पुढच्या वर्षी खरा हिशेब करताना ते बारा हजार हाताशी नसते.

तर मग काय करावयाचे? त्या वर्षीच्या विवरणपत्रात ही रक्कम दाखवावयाची, मागावयाची नाही, आणि पुढे ओढावयाची. पण एवढ्याशा नोंदीसाठी फॉर्म बदलावा लागतो. बाई दरवर्षी भरीत असलेल्या ‘सहज’ या सुटसुटीत फॉर्ममध्ये १६बी दाखल्याच्या नोंदीला जागाच नाही. म्हणून उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन आणि व्याज एवढेच असतानाही त्यांना त्या वर्षी आयटीआर-२ भरावा लागला. त्यातील करकपातीच्या परिशिष्टात १६बी वगैरे दाखल्यांसाठी स्वतंत्र तक्ता आहे. कापणाऱ्याचा पॅन, मागील वर्षांतून पुढे आणलेली रक्कम व ती ज्या वर्षी कापली ते वर्ष, चालू वर्षी कापलेली रक्कम, यंदा मागितलेली रक्कम, तिच्याशी संबंधित उत्पन्न आणि त्याचे शीर्षक, आणि अखेरच्या रकान्यात पुढील वर्षाकडे नेलेली रक्कम, असा त्याचा थाट आहे. जुन्या काळच्या एखाद्या फडणिशी दप्तरातील कीर्दखतावणीची आठवण व्हावी इतका तो नीटस आहे, आणि इतकाच दुर्लक्षितही. बाईंच्या २०२३-२४ च्या तक्त्यात चालू वर्षी कापलेले १२ हजार, मागितलेले शून्य, पुढे नेलेले १२ हजार, अशी एक ओळ पडली.

ऑगस्ट २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला आणि त्याचा हिशेब २०२५ मध्ये, कर-निर्धारण वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रात मांडण्याची वेळ आली. योगायोग असा, की विक्री २३ जुलै २०२४ नंतर झाली होती आणि त्या तारखेपासून भांडवली नफ्याचे नियम बदलले होते. नव्या नियमाप्रमाणे महागाईची कसलीही भरपाई न धरता नफ्यावर १२.५ टक्के, परंतु त्या तारखेपूर्वी घेतलेली जमीन वा घर असेल, तर निवासी व्यक्तीला जुन्या रीतीने, म्हणजे खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून, २० टक्क्यांनी हिशेब करून पाहता येतो, आणि त्यातून येणारा कर कमी असेल तर जादा रक्कम सोडून दिली जाते. ७२ लाखांतून ४० लाख वजा जाता नफा ३२ लाख. त्याच्यावर साडेबारा टक्क्यांनी ४ लाख. दुसऱ्या रीतीने, २०१४-१५ चा निर्देशांक २४० आणि २०२४-२५ चा ३६३, म्हणून ४० लाखांचे ६० लाख ५० हजार झाले, नफा ११ लाख ५० हजार उरला आणि त्याच्यावर २० टक्क्यांनी २ लाख ३० हजार. अर्थात दुसरा आकडा घ्यावयाचा. त्यात ४ टक्के उपकर मिळवून कर झाला २ लाख ३९ हजार २०० रुपये.

आता जमेची बाजू. तक्त्यात दोन ओळी आल्या. पहिलीत २०२३-२४ मध्ये कापलेले आणि पुढे आणलेले १२ हजार, सर्व यंदा मागितलेले, त्यापुढे उत्पन्नाच्या रकान्यात १२ लाख; दुसरीत यंदा कापलेले ६० हजार, सर्व मागितलेले, त्यापुढे ६० लाख; शीर्षक दोन्हीकडे भांडवली नफा. एकूण ७२ हजार. कराच्या रकमेतून ते वजा जाता राहिले १ लाख ६७ हजार २००, आणि तेवढा स्वयंनिर्धारण कर भरून बाईंनी विवरणपत्र दाखल केले. निवृत्तिवेतनावरील कर कोषागारातून कापला जातच होता. वय साठीच्या पुढे आणि धंद्याचे उत्पन्न नाही, म्हणून त्यांना आगाऊ कर भरण्याचे बंधन नव्हते, त्यामुळे त्याबद्दलचे व्याजही लागले नाही; हीच विक्री एखाद्या पंचेचाळीस वर्षांच्या नोकरदाराने केली असती, तर उरलेला कर मार्चपूर्वी न भरल्याबद्दल त्याला व्याज द्यावे लागले असते. कारण एक टक्का कापला गेला म्हणजे आपल्या कराची सोय झाली, ही समजूत मोठ्या नफ्याच्या व्यवहारात फार महाग पडते. याच्या उलट, बाईंनी ३२ लाखांचा सर्व नफा कलम ५४ प्रमाणे मुदतीत दुसऱ्या घरात गुंतविला असता, तर नफ्यावरील कर शून्य झाला असता आणि ७२ हजारांचा संपूर्ण परतावा मिळाला असता.

एवढे सरळ वाटणारे काम बिघडते ते बहुतेक वेळा २६एएस मधील नोंदीशी रुजवात न घातल्यामुळे. विक्रेत्याच्या हातातील १६बी, त्याच्या २६एएस मधील ओळ आणि त्याच्या विवरणपत्रातील ओळ या तिन्ही ठिकाणी पॅन, वर्ष आणि रक्कम एकच असली पाहिजे. खरेदीदाराने विक्रेत्याच्या पॅनमधले एक अक्षर चुकविले तर जमा परक्याच्या खात्यात जाते. मार्चमध्ये दिलेल्या पैशाचा कर एप्रिलमध्ये भरताना फॉर्ममध्ये पैसे दिल्याची तारीखही एप्रिलची टाकली, तर जमा पुढच्या वर्षात जाऊन बसते आणि विक्रेता आपल्या उताऱ्यात ती मागच्या वर्षी शोधीत राहतो. या चुका विक्रेत्याला स्वतः दुरुस्त करता येत नाहीत. ट्रेसेसवर दुरुस्तीचा अर्ज करावयाचा तो खरेदीदारानेच. म्हणून शेवटचा हप्ता घेण्यापूर्वी, खरेदीदार अजून आपल्या शब्दात असतानाच, आधीच्या हप्त्यांचे १६बी हातात घेऊन २६एएस उघडून पाहणे हे विक्रेत्याच्या हिताचे असते. खरेदीखतावर सह्या झाल्यावर ज्याला तगादा लावावा लागतो, त्या माणसाला फोन लावणे किती कठीण असते, हे ज्याने लावला आहे त्यालाच कळते.

पॅनचीच आणखी एक आपत्ती अलीकडे पुष्कळांनी अनुभवली. विक्रेत्याचा पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर तो नसल्यासारखाच मानून दर १ टक्क्याऐवजी २० टक्के होतो; बाईंच्या साठ लाखांवर तो १२ लाख झाला असता. खरेदीदारांनी बिचाऱ्यांनी एक टक्का कापून भरला आणि मागाहून उरलेल्या एकोणीस टक्क्यांची मागणी त्यांच्यावर आली, असे झाल्यामुळे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला परिपत्रके काढून काही मुदतीतील व्यवहारांना सूट द्यावी लागली. इसाऱ्याच्या आधी विक्रेत्याचा पॅन चालू आहे की नाही हे संकेतस्थळावर दोन मिनिटांत पाहता येते, आणि खरेदीदाराने ते पाहावेच.

आणि खरेदीदाराने कर कापला पण भरलाच नाही तर? कलम २०५ असे म्हणते, की जो कर उत्पन्नातून कापला गेला त्याची मागणी पुन्हा त्या उत्पन्नाच्या धन्याकडे करता येणार नाही. सरकारने त्याचा माग खरेदीदाराकडे काढावयाचा. त्याला दरमहा दीड टक्का व्याज, आणि विवरण उशिरा भरल्याबद्दल दररोज २०० रुपये शुल्क, मात्र कराच्या रकमेपर्यंतच, द्यावे लागते. तरीही २६एएस मध्ये नोंद नसल्यामुळे विक्रेत्याची जमा यंत्राकडून नाकारली जाते, आणि कर कापल्याचा पुरावा म्हणून करारनामा व बँकेचे उतारे घेऊन त्याला निर्धारण अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते. नफा दाखवून, कर भरून झाल्यानंतर पुढच्या एखाद्या वर्षी खरेदीदाराने उशिरा कर कापून भरला, तर त्यासाठी फॉर्म ७१ ची सोय ऑक्टोबर २०२३ पासून झाली आहे; कर कापला गेला त्या वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षांत तो भरला म्हणजे जुन्या वर्षाचे निर्धारण दुरुस्त होऊन जमा मिळते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा अधिनियम जाऊन आयकर अधिनियम, २०२५ आला आहे आणि करकपातीच्या तरतुदी त्यातील कलम ३९३ मध्ये एकत्र झाल्या आहेत. आपल्या दाखल्यातील दोन्ही वर्षे मात्र जुन्या कायद्याखालची असल्यामुळे येथे जुनीच कलमे आणि फॉर्मची जुनीच नावे दिली.

विक्रेता परदेशी स्थायिक असेल तर हे सारे प्रकरणच लागू होत नाही. तेथे कलम १९५ येते, ५० लाखांची मर्यादा नाहीशी होते आणि दर भांडवली नफ्याच्या कराचा लागतो. अमेरिकेतील मुलाच्या नावावरचे ठाण्यातील घर विकताना एक टक्का कापून मोकळे झालेले खरेदीदार मी पाहिले आहेत. त्यांच्या नोटिशीतील आकडे सांगण्यासारखे नसतात.

गोमंतकातील वाचकांसाठी मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तेथील नागरी संहितेप्रमाणे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते, आणि आयकर अधिनियमाच्या कलम ५ए ने वेतन सोडून त्यांचे इतर उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे वाटले आहे. मडगावातील घर पतीच्या एकट्याच्या नावाने ६० लाखांना विकले गेले आणि ६० हजारांचा १६बी पतीच्याच पॅनवर निघाला, तरी भांडवली नफा निम्मा पत्नीच्या विवरणपत्रात जावयाचा, आणि तीस हजारांची जमाही तिकडेच. हे वाटप पती आपल्या विवरणपत्रातील ५ए या परिशिष्टात दाखवितो. पत्नीच्या २६एएस मध्ये या तीस हजारांचा मागमूसही नसतो. म्हणून ती करकपातीच्या तक्त्यात जमा आपल्या नावावरची नसून कलम ५ए खालील जोडीदाराच्या नावावरची आहे असा पर्याय निवडते आणि पुढच्या रकान्यात पतीचा पॅन लिहिते. तो रकाना कोरा राहिला, की तीस हजार तिला मिळत नाहीत आणि पतीने ते सोडून दिलेले असतात.